अडलेले साडेआठ लाख आणि बदललेला खाते नंबर

प्रश्न : जुनी जागा विकत घेतोय. शेवटचा हप्ता साडेआठ लाखांचा. बुधवारी सकाळी अकराला सह्या होत्या, त्याआधी पैसे मालकांच्या खात्यात जमा व्हायला हवे होते. मंगळवारी दुपारी एजंटने मेसेज केला की मालकांचं आधीचं खातं सध्या वापरात नाही, हा नवा नंबर घ्या. म्हणून संध्याकाळी बेनिफिशिअरी नव्याने अ‍ॅड केला. पैसे पाठवायला गेलो तर बँक म्हणते, पहिल्या २४ तासांत फक्त ५० हजार! कस्टमर केअरला तीनदा फोन केला, एकच उत्तर : सिस्टिमचा नियम आहे. पैसे माझे, पासवर्ड माझा, ओटीपी माझ्या मोबाइलवर आला, मग अडवणारे हे कोण? सह्या आठ दिवस पुढे गेल्या, चारचौघांत मान खाली गेली. एजंट म्हणतो, रक्कम तोडून तीन-चार खात्यांत टाका, नाहीतर मित्राच्या खात्यातून फिरवा. ही मर्यादा काढून घेता येते का? की सरळ बँकच बदलू?
(नाव न छापण्याच्या विनंतीवरून)

उत्तर : तुमचा राग माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. पंचवीस वर्षं मी तो काउंटरच्या पलीकडच्या बाजूने ऐकलाय, आणि निवृत्त झाल्यावर एकदा स्वतःही केलाय. त्या फजितीकडे येते नंतर. आधी तुमच्या तीन पुराव्यांचं बघू : पैसे माझे, पासवर्ड माझा, ओटीपी माझ्या मोबाइलवर.

यातला पहिला पुरावा बँकेला दिसत नाही. तिला दिसतं ते एवढंच, की कोणीतरी बरोबर पासवर्ड टाकला, आलेला ओटीपीही बरोबर टाकला, एक कधीही न पाहिलेलं खातं जोडलं आणि अर्ध्या तासाच्या आत खात्यातली जवळजवळ सगळी शिल्लक तिकडे पाठवायला काढली. आता खाते साफ करणारा चोर काय करतो ते बघा. बरोबर पासवर्ड टाकतो, ओटीपी टाकतो, नवं खातं जोडतो आणि मोठी रक्कम काढतो. तुमची मंगळवारची संध्याकाळ आणि त्या चोराची संध्याकाळ बँकेच्या नोंदींत अगदी एकसारखी उतरते.

ओटीपी चोराला मिळतोच कसा, असं तुम्ही म्हणाल. कधी तो फोनवर गोड बोलून काढून घेतो, कधी हुबेहूब बँकेसारख्या दिसणाऱ्या पानावर तुम्हीच तो टाकता, कधी तुमच्या नावाने दुसरं सिमकार्ड काढून घेतलेलं असतं आणि तुमच्या फोनची रेंज गेलेली असते. रेंज गेली म्हणून रात्री साडेनऊला कोण चौकशी करतं? सकाळी बघू म्हणून माणूस झोपतो.

चोरीचं गणित सगळं मिनिटांचं आहे. नवं खातं जोडलं की त्यात पैसे टाकायचे, तिथून लगेच पाच-सहा भाड्याच्या खात्यांत वाटायचे, तिथून आणखी पुढे, आणि शेवटी रोख काढायची. भाड्याचं खातं म्हणजे कोणीतरी थोड्या पैशांसाठी वापरायला दिलेलं स्वतःचं खातं. ऑनलाइन पाठवलेली रक्कम काही क्षणांत जमा होते आणि एकदा जमा झाली की पाठवणाऱ्या बँकेला ती परत ओढता येत नाही. समोरच्या बँकेला विनंती करावी लागते, आणि तोवर खात्यात काही उरलं असेल तरच ती विनंती कामाची. पूर्वी चेक वटायला दोन-तीन दिवस लागायचे, लोक वैतागायचे. पण त्या दिवसांत चूक किंवा लबाडी पकडायला वाव असायचा. तो वाव तंत्रज्ञानाने काढून टाकला. नवं खातं जोडल्यावरच्या या २४ तासांच्या मुदतीने, म्हणजे कूलिंग पिरियडने, त्यातला थोडासा परत आणलाय, आणि तोही फक्त जिथे धोका सगळ्यात जास्त तिथे, म्हणजे नव्या खात्याकडे जाणाऱ्या पहिल्या मोठ्या रकमेवर.

त्या २४ तासांत घडतं काय? बेनिफिशिअरी जोडल्याबरोबर बँक नोंदलेल्या मोबाइलवर आणि ईमेलवर कळवते. तुम्हीच जोडलेला असेल तर तुम्ही तो मेसेज वाचतही नाही. पण ज्याने जोडलेला नाही त्याला तो मेसेज कधी ना कधी दिसायला हवा, आणि खाते गोठवायला फोन करण्याएवढा वेळ हाताशी हवा. म्हणून ही मुदत तासाभराची न ठेवता माणसाची एक झोप तिच्यात मावेल एवढी ठेवतात. सिंगापूरमध्ये बनावट एसएमएसच्या मोठ्या फसवणुकीनंतर २०२२ च्या जानेवारीत बँकांना सांगण्यात आलं, की नव्या फोनवर पैसे मंजूर करायची सोय सुरू व्हायला किमान १२ तास लागले पाहिजेत. तिथेही विचार हाच.

पण फसवणुकीची दुसरी एक जात आहे आणि तिची मला जास्त धास्ती वाटते. तिथे पासवर्ड चोरावा लागत नाही. खातेदार स्वतःच, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने पैसे पाठवतो.

आमच्या शाखेतल्या एक बाई आठवतात. एरवी आल्या की पाच मिनिटं गप्पा ठरलेल्या. त्या दिवशी मोठी मुदतठेव मोडून पैसे एका नव्या खात्यात पाठवायला आल्या. मी काहीही विचारलं की दोन क्षण थांबायच्या, खाली बघायच्या आणि मग उत्तर द्यायच्या. “कोणाचं खातं?” थांबल्या. “नात्यातले आहेत.” “कशासाठी?” पुन्हा थांबल्या. मग माझ्या लक्षात आलं, मांडीवरच्या पर्सची चेन अर्धी उघडी होती आणि आत फोन चालू होता. पलीकडचा माणूस आमचं बोलणं ऐकत होता आणि त्यांच्या कानातल्या मशीनमधून, जे मी श्रवणयंत्र समजले होते, त्यांना उत्तरं पुरवत होता. साहेबांची सही लागेल, अर्धा तास बसावं लागेल, असं मी सांगितलं. पाणी दिलं. वीस मिनिटांनी पलीकडच्याने कंटाळून फोन ठेवला, आणि फोन बंद झाल्यावर दहा मिनिटांनी त्या रडायला लागल्या. तुमच्या नावावर गुन्हा आहे, रक्कम तपासासाठी जमा करा, असं त्यांना सकाळपासून सांगितलं जात होतं.

त्या बाईंचा पासवर्ड खरा होता, ओटीपी खरा होता आणि सहीसुद्धा खरी होती. त्यांना वाचवलं ते अर्ध्या तासाने. इंटरनेटवर अशी पाणी देणारी कोणी नसते. तिच्या जागी घड्याळ बसवलंय. ब्रिटनमध्ये तर ऑक्टोबर २०२४ पासून कायद्यानेच बँकांना मुभा आहे, की फसवणुकीचा सबळ संशय असेल तर रक्कम नेहमीच्या मुदतीपेक्षा आणखी ७२ तासांपर्यंत रोखून धरावी.

आता तुमचे तीन फोन. कस्टमर केअरने मर्यादा उठवली नाही म्हणून तुम्ही चिडलात, पण उलट विचार करून बघा. तीन फोन करून ती उठवता आली असती, तर चोरानेही तीन फोन केले असते. त्याच्याकडे तुमची जन्मतारीख असते, खाते नंबर असतो आणि तुमच्यापेक्षा मधाळ आवाज असतो. म्हणून बहुतेक ठिकाणी फोनवरच्या कर्मचाऱ्याच्या पडद्यावर ही मर्यादा सैल करायचं बटणच ठेवलेलं नसतं. तो मुलगा तुम्हाला टाळत नव्हता, त्याच्या हातात खरंच काही नव्हतं. हे त्याने नीट समजावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं, एवढी तुमची तक्रार मला मान्य आहे. पडद्यावर नुसतं “मर्यादा ओलांडली” दाखवणंही चुकीचंच.

कारण मर्यादा एक नसते. एक नव्या बेनिफिशिअरीची. दुसरी तुमच्या खात्याची दिवसाची एकूण. तिसरी, तुम्ही नुकताच फोन बदलला असेल किंवा पासवर्ड नव्याने घेतला असेल तर काही बँकांत सगळ्याच व्यवहारांवर काही तास लागणारी. तुमचे २४ तास संपले तरी दिवसाची मर्यादा पाच लाख असेल तर साडेआठ लाख पुन्हा अडतील, आणि ती मर्यादा वाढवायला गेलात तर त्या वाढीलाही पुष्कळदा स्वतःचा कूलिंग पिरियड असतो. पुढच्या बुधवारी सकाळी हे कळण्यापेक्षा आज नेटबँकिंगच्या सेटिंगमध्ये जाऊन बघा.

घड्याळ कधी सुरू होतं तेही बघा. बेनिफिशिअरी भरला त्या क्षणापासून नव्हे, तो चालू झाला तेव्हापासून. तुम्ही पावणेसातला माहिती भरली आणि सव्वासातला “अ‍ॅक्टिव्हेट झाला” असा मेसेज आला असेल, तर बुधवारी संध्याकाळी सव्वासातपर्यंत ५० हजारच. आणि ते ५० हजार एका वेळचे नव्हेत, त्या मुदतीतले सगळे मिळून. दहा हजार पाच वेळा पाठवले की संपले.

माझी फजिती इथलीच. नावात एक अक्षर चुकलं म्हणून मी बेनिफिशिअरी डिलीट करून पुन्हा भरला. तेवीस तास झाले होते, एक उरला होता. बँकेच्या दृष्टीने ते नवं कोरं खातं. पुन्हा चोवीस तास मोजत बसले, आणि पंचवीस वर्षं लोकांना शहाणपण शिकवलं होतं याची आठवण घरच्यांनी आवर्जून करून दिली.

या उपायाला मर्यादा नाहीत असं नाही. कसलेले ठग आता माणसाला आदल्या दिवशीच बेनिफिशिअरी जोडायला लावतात आणि म्हणतात, उद्या या वेळेला फोन करतो. गुंतवणुकीच्या नावाने महिनाभर गोड बोलून लुटणाऱ्याला चोवीस तास म्हणजे काहीच नाही. आणि कोणाला खरोखर तातडीने मोठी रक्कम पाठवायची असते, तोही यात भरडला जातो. झटपट चोरीपुढे हा नियम चांगला टिकतो, मुरलेल्या फसवणुकीपुढे कमी.

आणि म्हणून मला तुमच्या पत्रातलं एक वाक्य डाचतंय, जे तुम्ही जाता जाता लिहून गेलात : एजंटने मेसेज केला की आधीचं खातं वापरात नाही, हा नवा नंबर घ्या.

तुमचा बेनिफिशिअरी आता जुना झालाय. पुढच्या बुधवारी ५० हजारांची मर्यादा आड येणार नाही. त्या नंबरात काही काळंबेरं असेल तर साडेआठ लाख विनातक्रार जातील. मोठ्या रकमेच्या आदल्या दिवशी खाते नंबर बदलून येणं ही फसवणुकीची जुनी आणि फार चालणारी पद्धत आहे. कोणीतरी एजंटच्या, वकिलाच्या किंवा विकणाऱ्याच्या मेसेजमध्ये किंवा ईमेलमध्ये शिरलेला असतो, आठवडेच्या आठवडे व्यवहार वाचत असतो, आणि हप्त्याचा दिवस जवळ आला की एकच मेसेज सोडतो. त्यात रक्कम बरोबर असते, तारीख बरोबर असते, बोलण्याची ढबही तीच असते. फक्त नंबर त्याचा असतो. एजंट लबाड आहे असं मी म्हणत नाही. तो मेसेज त्याने स्वतः लिहिला की नाही, आणि त्याला तो नंबर कोणी दिला, हे तुम्हाला ठाऊक नाही, एवढंच म्हणते.

मालकांशी थेट बोला. समोर बसून बोललात तर उत्तम, नाहीतर फोनवर, पण आवाज ओळखता येईल असं. तुम्ही नंबर वाचून दाखवू नका, त्यांना वाचायला सांगा; आपण वाचला की समोरचा “हो हो” म्हणून मोकळा होतो. मग एक वेडीवाकडी छोटी रक्कम पाठवा, समजा १३७, आणि किती आले ते त्यांना विचारा. “आले का” असं विचारू नका, “किती आले” विचारा. ही चाचणी त्याच मेसेजच्या धाग्यावर केलीत तर व्यर्थ, कारण ठगच तिथे “मिळाले, धन्यवाद” लिहील.

नाव जुळतंय का तेही बघा. कित्येक वर्षं ऑनलाइन पैसे नुसत्या खाते नंबरावर जात असत. तुम्ही नावाच्या रकान्यात काहीही लिहिलंत तरी कोणी पडताळत नसे. भारतात रिझर्व्ह बँकेने आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी १ एप्रिल २०२५ पर्यंत खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय करायला बँकांना सांगितलं. ब्रिटनमधल्या मोठ्या बँकांत अशी पडताळणी २०२० पासून आहे. तुम्ही बेनिफिशिअरी भरताना पडद्यावर जे नाव आलं ते करारातल्या नावाशी अक्षरशः जुळत होतं का, आठवून बघा. घाईत आपण ते पान अंगठ्याने पुढे ढकलतो. नाव मालकांच्या भावाचं, एखाद्या फर्मचं किंवा भलत्याच कोणाचं असेल, तर गोड खुलासा मिळाला तरी थांबा. नाव जुळलं म्हणजे सगळं निभावलं असंही नाही, पण न जुळलं तर तिथेच विषय संपतो.

एजंटच्या दोन्ही युक्त्या सोडून द्या. तीन-चार खात्यांत रक्कम तोडायची म्हणजे तीन-चार नवे बेनिफिशिअरी एकाच संध्याकाळी, आणि बँकेच्या संशयाला याहून चांगलं खाद्य नाही. खातंच तात्पुरतं गोठवलं गेलं तर बुधवार पुन्हा हुकेल. शिवाय करार एकाशी आणि पैसे चौघांना, हे उद्या कोणी हरकत घेतली तर कशाच्या आधारावर सिद्ध करणार? मित्राच्या खात्यातून फिरवण्यात तर दुहेरी घोळ आहे. पावतीवर पैसे देणारा म्हणून त्याचं नाव येईल, आणि नंबर खोटा निघाला तर तक्रारही त्यालाच करावी लागेल. त्यात त्यालाही तो नंबर नव्यानेच जोडावा लागेल, म्हणजे घड्याळ तिथेही आहेच.

बँक बदलून काय मिळवाल? दुसरीकडे २४ तासांऐवजी १२ असतील किंवा चार दिवस, ५० हजारांऐवजी एक लाख असेल किंवा शून्य. अजिबात घड्याळ नसलेली बँक कोणी सुचवली, तर मी माझे पैसे तिथे ठेवणार नाही. तेवढ्यासाठी बदलायची असेल तर बदला, पण नवं खातं उघडलंत की तिथे तुमचे सगळेच बेनिफिशिअरी नवे असतील!

मर्यादेला वळसा घालायचा रस्ता आहे, आणि तो शाखेतून जातो. ऑनलाइनची ही मर्यादा शाखेत सही करून दिलेल्या अर्जाला सहसा लागत नाही, कारण तिथे ओळखपत्र बघणारा आणि चार प्रश्न विचारणारा माणूस असतो. चेकबुक, ओळखपत्र आणि खरेदीच्या कराराची प्रत घेऊन शाखा उघडताच जा, शेवटच्या तासाला नको. तुमच्या व्यवहाराला मात्र मी याहूनही वेगळा मार्ग निवडेन : मालकांच्या नावाचा डिमांड ड्राफ्ट किंवा बँकर्स चेक. तो तुम्ही सह्यांच्या टेबलावर त्यांच्या हातात देता, आणि तो त्यांच्या नावाच्या खात्यातच भरता येतो. म्हणजे एजंटने पाठवलेला नंबर खरा की खोटा हा प्रश्नच तुमच्यापुरता मिटतो. मालक ड्राफ्ट चालेल म्हणतात का, एवढं मात्र आधी विचारून घ्या. काहींना पैसे दिसल्याशिवाय सही करायची नसते, आणि त्यांच्या बाजूने तेही बरोबर आहे. अशा वेळी ड्राफ्टचा फोटो आदल्या दिवशी दाखवा आणि त्यांना तो देणाऱ्या शाखेत खात्री करून घेऊ द्या.

तुमच्यासारख्याच बेतात जे कोणी असतील त्यांनी नवा बेनिफिशिअरी सह्यांच्या तारखेआधी चार-पाच दिवस जोडावा, त्याच दिवशी छोटी रक्कम पाठवून पडताळावी, आणि नंतर त्याला हात लावू नये. त्यानंतर कोणी नंबर बदलायला सांगितलाच, तर तारीख पुढे ढकलायची तयारी ठेवावी.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही : त्या मंगळवारी परवानगी असलेले ५० हजार तुम्ही पाठवलेत की नाही. पाठवले असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवून मालकांना आजच फोन करा. पैसे आले नाहीत म्हणाले, तर लगेच स्वतःच्या बँकेला कळवून तक्रार क्रमांक घ्या, आणि भारतात असाल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवरही नोंद करा. समोरच्या खात्यात काही शिल्लक असेल तर ती तिथेच अडकवता येते, आणि दर तासाला ती शक्यता कमी होते. मालकांचा फोन नंबर मात्र पहिल्या करारावरून घ्या, एजंटच्या मेसेजमधून नको.